सातबाऱ्यावर एकट्या आईचं नाव होतं, तरी थळचा प्लॉट विकता येईना. घोळ कुठं होता?

अलिबागहून रेवसच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात थळ येतं. एका बाजूला आरसीएफचा खत कारखाना, दुसऱ्या बाजूला कोळीवाडा, आणि किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी-उंदेरी. पूर्वी इथल्या जमिनीला मुंबईवाले फारसं विचारत नसायचे. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला आणि गावागावात "प्लॉट आहे का?" विचारणारे फिरायला लागले.

जमिनीला गिऱ्हाईक आलं की जुने कागद बाहेर निघतात, आणि जुने कागद बाहेर निघाले की बऱ्याचदा एक दोष सापडतो. तो दोष म्हणजे बिननोंदणीचं हक्कसोडपत्र. हा विषय कलमांच्या भाषेत सांगितला तर डोक्यावरून जातो, म्हणून एका गोष्टीतून सांगतो. गोष्टीतली माणसं काल्पनिक आहेत. कागद आणि कायदा मात्र खरे.

तर झालं असं.

थळमध्ये ५ गुंठ्यांचा एक बिनशेती प्लॉट. मुलगी पुण्यात नोकरीला, वय २९. वडील आधीच गेलेले, २०२३ मध्ये आईही गेली. ही एकुलती एक. प्लॉटच्या सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून फक्त आईचं नाव होतं, वर्ग १. मुलीनं तलाठ्याकडे अर्ज करून वारस नोंद केली, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. बोजा नाही, इतर हक्कात काही नाही. ६० लाखांना सौदा ठरला, टोकन मिळालं.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग खरेदीदाराच्या वकिलांनी सर्च घेतला.

सर्च म्हणजे काय, तर मागच्या साधारण ३० वर्षांत ही जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कोणत्या कागदानं गेली याचा माग काढणं. त्यासाठी दोन ठिकाणी बघतात. एक, महसूल खात्याचे सातबारे आणि फेरफार. दोन, दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेल्या दस्तांची सूची, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. या दोन्ही ठिकाणांची गोष्ट एकमेकांशी जुळली पाहिजे. फेरफारात "हक्कसोडपत्रानं नाव कमी केलं" असं असेल, तर ते हक्कसोडपत्र इंडेक्स टूमध्ये दिसलं पाहिजे.

या प्लॉटची महसुली गोष्ट अशी होती. आजोबांनी म्हणजे आईच्या वडिलांनी १९८६ मध्ये स्वतःच्या पैशानं, नोंदणीकृत खरेदीखतानं प्लॉट घेतला. १९९८ मध्ये आजोबा वारले. मृत्युपत्र नव्हतं. वारस फेरफारानं आजी, आई, मावशी आणि मामा अशी चार नावं लागली. २००१ मध्ये आजी गेल्या, त्यांचं नाव कमी झालं. आणि २००४ मध्ये एक फेरफार झाला. त्यात लिहिलं होतं की मामा आणि मावशीनं आपले हक्क आईच्या लाभात सोडले आहेत, सबब त्यांच्या नावांना कंस केला.

इंडेक्स टूमध्ये मात्र २००३ सालचं फक्त मामाचं हक्कसोडपत्र सापडलं. मावशीचं सापडलं नाही.

वकिलांनी २००४ च्या फेरफाराची आणि त्याला जोडलेल्या कागदांची नक्कल तहसील कार्यालयातून मागवली. मावशीचा कागद त्यात होता. १०० रुपयांच्या स्टँपपेपरवर टाइप केलेला, खाली मावशीची सही, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. दुय्यम निबंधकाचा शिक्का, दस्त क्रमांक, पावती यातलं काहीच नाही. मामा नोंदणीच्या दिवशी अलिबागला आले होते. मावशीच्या सासूबाई दवाखान्यात होत्या, म्हणून तिनं घरूनच कागद सही करून पाठवून दिला होता. तलाठ्यानं तो वर्दी म्हणून घेतला, मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार प्रमाणित केला, आणि २० वर्षं कुणाला काही वाटलं नाही.

वकिलांनी अहवालात एक ओळ लिहिली. मावशीचा एक तृतीयांश हिस्सा अजून मावशीचाच आहे.

आता मुलीचा पहिला प्रश्न तोच, जो तुमचाही असेल. सरकारनं स्वतः फेरफार मंजूर केला, सातबारा आईच्या एकटीच्या नावावर केला, मग हिस्सा मावशीचा कसा?

कारण सातबारा हा मालकीचा दस्त नाही. ती महसूल खात्याची नोंद आहे, मुळात शेतसारा कुणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून ठेवलेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की ही नोंद खरी आहे असं गृहीत धरायचं, पण विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंतच. सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या खटल्यात तर अगदी स्पष्ट: फेरफारानं मालकी तयार होत नाही आणि संपतही नाही. मालकी बदलते ती वारसानं, मृत्युपत्रानं, कोर्टाच्या हुकमानं किंवा नोंदणीकृत दस्तानं. फेरफार त्याची फक्त दखल घेतो. मुळात दस्तच कच्चा असेल, तर दखल घेऊन तो पक्का होत नाही.

आणि मावशीचा दस्त कच्चाच होता. नोंदणी अधिनियम १९०८ चं कलम १७ म्हणतं की १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क ज्या कागदानं सोडला जातो, तो कागद नोंदवलाच पाहिजे. नाही नोंदवला, तर कलम ४९ प्रमाणे त्या कागदाचा मालमत्तेवर काही परिणाम होत नाही.

इथं एक गैरसमज फार पसरलाय, म्हणून जरा थांबतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी एवढंच सांगतो की या माणसानं माझ्यासमोर सही केली. त्याचा शिक्का कितीही लाल आणि गोल असला तरी त्यानं जमिनीतला हिस्सा इकडचा तिकडे होत नाही. हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, खरेदीखत या सगळ्यांना दुय्यम निबंधकासमोरच जावं लागतं. अपवाद मृत्युपत्राचा, ते न नोंदवताही चालतं.

मग आता तोच २००३ चा कागद नेऊन नोंदवला तर? नाही चालत. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीसाठी द्यावा लागतो. उशीर झाला तर दंड भरून आणखी ४ महिने मिळतात. त्यानंतर दार बंद. २२ वर्षांनी तो कागद नोंदणीपुरता मेलेला आहे, नवीनच दस्त करावा लागणार.

आता तो एक तृतीयांश कसा आला ते बघू, कारण इथं सोशल मीडियावरची एक लोकप्रिय समजूत आडवी येते. "मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला, आजोबा तर १९९८ लाच गेले, मग मावशीचा हिस्सा कसला?" असं मुलीच्या एका नातेवाइकानं ग्रुपवर लिहिलंच. २००५ ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल आहे, ज्यात मुलगी जन्मानं हिस्सेदार होते. आजोबांनी हा प्लॉट स्वतः विकत घेतला होता. ती त्यांची स्वकष्टार्जित मालमत्ता. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर अशा मालमत्तेत बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो, आणि हे १९५६ पासून आहे.

म्हणून १९९८ ला आजी, आई, मावशी, मामा यांना प्रत्येकी पाव हिस्सा मिळाला. २००१ ला आजीचा पाव हिस्सा तिघा मुलांत सारखा वाटला गेला आणि प्रत्येकाचा झाला एक तृतीयांश. २००३ ला मामानं नोंदणीकृत हक्कसोड केली, त्यामुळे त्याचा हिस्सा आईकडे गेला. आईकडे झाले दोन तृतीयांश. मावशीचा एक तृतीयांश जागच्या जागी राहिला. ६० लाखांच्या भाषेत सांगायचं, तर मुलीचे ४० आणि मावशीचे २०.

(आईच्या हिश्श्याचं बोलायचं तर तो एकुलत्या एका मुलीकडेच आला. वडील हयात असते तर त्यांचाही निम्मा वाटा असता. "बहिणीला माहेरून मिळालेली जमीन माहेरी परत येते" असं जे म्हणतात, ते तिला मूलबाळ किंवा त्यांची मुलं कुणीच नसतील तेव्हाचं आहे. हा सगळा हिशोब हिंदू वारसा कायद्याचा, मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे.)

मुलीसमोर आता काय रस्ते होते?

पहिला रस्ता प्लॉटचे मध्यस्थ नेहमी सुचवतात तो. गप्प बसायचं आणि दुसरं गिऱ्हाईक बघायचं, ज्याचा वकील एवढं खोलात जाणार नाही. सातबारा तर क्लिअर आहे. पण ज्याच्याकडे दोन तृतीयांश आहे तो दोन तृतीयांशच विकू शकतो. उद्या मावशीनं किंवा तिच्या मुलांनी वाटपाचा दावा लावला, की नवीन मालकाच्या बंगल्याखालची जमीन वादात. शिवाय मालकीतला माहीत असलेला दोष खरेदीदाराला सांगणं ही विकणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि खरेदीखतात "काही वाद निघाल्यास नुकसानभरपाई मी देईन" अशी ओळ असतेच. म्हणजे बिल फिरून मुलीकडेच. हा दोष कळला नव्हता तोवर गोष्ट वेगळी होती. आता वकिलाचा अहवाल तिच्या हातात होता.

दुसरा रस्ता म्हणजे जाहीर नोटीस. वर्तमानपत्रात छापायची, १४ दिवसांत हरकत आली नाही की झालं, असं लोकांना वाटतं. नोटिशीचा उपयोग एवढाच की अनोळखी हक्कदार असेल तर तो पुढे यावा आणि खरेदीदारानं चौकशी केली होती हे दिसावं. जी हक्कदार कागदावर दिसतेय तिनं पेपर वाचला नाही म्हणून तिचा हिस्सा बुडत नाही.

तिसरा रस्ता कोर्टाचा, आणि इथं कायद्यात खरंच थोडी जागा आहे. १९७६ च्या काळे विरुद्ध उपसंचालक या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की कुटुंबात तोंडी वाटणी आधीच झाली असेल आणि कागद फक्त त्याची आठवण म्हणून लिहिला असेल, तर तो नोंदवण्याची गरज नाही. पण मावशीच्या कागदात "या लेखाद्वारे मी माझा हक्क सोडत आहे" असं होतं. म्हणजे हक्क सुटतोय तो याच कागदानं, आधीच्या कुठल्या वाटणीनं नाही. "२० वर्षं ताबा आमचाच" हा मुद्दाही सहवारसाविरुद्ध सहजासहजी चालत नाही. एका वारसाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. त्यानं दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारला असेल, तेव्हापासून १२ वर्षं मोजायची. इथं कुणी कुणाला काही नाकारलंच नव्हतं, दर मे महिन्यात मावशी थळला येऊन राहत होती. वाद घालता आला असता, नाही असं नाही. पण दिवाणी दाव्यात वर्षं जातात, आणि गिऱ्हाईक तोवर थांबत नाही.

राहिला चौथा रस्ता. मावशीला फोन करणं.

हा रस्ता सगळ्यात सोपा दिसतो आणि सगळ्यात जड जातो. अनेक घरांत हा फोन केलाच जात नाही, कारण फोन केला म्हणजे समोरच्याचा हक्क आहे हे मान्य केलं. मुलीनं दोन आठवडे काढले. मग पनवेलला मावशीच्या घरी गेली आणि अहवालाची नक्कल तिच्यासमोर ठेवली.

मावशीनं कागद ओळखला. "मी ही सही केली होती बाय, नाही कशाला म्हणू? आई-दादांचं सगळं ताईनं केलं, म्हणून केली." मग जरा थांबून म्हणाली, "पण तेव्हा तिथं कुणी कुत्रं विचारत नव्हतं. आता एवढे पैसे येतायत, तर माझ्या पोरांना काय सांगू?"

मावशी लबाडी करत नव्हती. तिनं मनापासून सोडलं होतं हे खरं, आणि कायद्यानं सुटलं नव्हतं हेही खरं. हक्कसोडीच्या बहुतेक भांडणांत या दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर उभ्या असतात. यात गावच्या पारावर कोण बरोबर यावर रात्र जाईल. दस्ताच्या बाजूनं मात्र दोनच प्रकार शक्य होते.

एक, मावशी आता नवं हक्कसोडपत्र नोंदवून देईल, भाचीच्या लाभात. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात यासाठी चांगली सवलत आहे. वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क भाऊ, बहीण, मुलं, आई-वडील, नवरा-बायको किंवा यांच्या कायदेशीर वारसांच्या लाभात सोडला तर मुद्रांक शुल्क किरकोळ लागतं. आधी २०० रुपये होतं, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. भाची ही बहिणीची वारस, म्हणून ती यात बसू शकते. मात्र आजोबांनी स्वतः घेतलेली आणि वारसानं आलेली जमीन "वडिलोपार्जित" धरायची का, हे आधी मुद्रांक कार्यालयात विचारून घेतलेलं बरं. आणि हक्क पैसे घेऊन सोडला, तर ती विक्रीच. मग शुल्क बाजारभावावर.

दोन, मावशी खरेदीखतातच दुसरी विक्रेती म्हणून सही करेल आणि आपल्या हिश्श्याचे पैसे थेट घेईल. यात वेगळा दस्त लागत नाही, वेगळं शुल्क नाही, आणि खरेदीदारालाही हेच सगळ्यात आवडतं, कारण तीनही तृतीयांश एकाच कागदानं त्याच्याकडे येतात. नुसती "मान्यता देणार" म्हणून सही घेण्याची पद्धतही आहे. पण हिस्सा असलेल्या माणसाला विक्रेता म्हणूनच घ्यावं, हे माझं मत. मान्यता दिली म्हणजे हिस्सा विकला का, यावर पुढं कुणी शब्दच्छल करायला नको.

चार-पाच बैठकांनी ठरलं ते दुसऱ्या पद्धतीनं. मावशीनं १२ लाख घेतले, बाकीचे ४८ मुलीला. एक तृतीयांश हिस्सा २० लाखांचा होता, पण आईनं आजी-आजोबांचं केलं आणि २५ वर्षं प्लॉटचा सारा, कुंपण सगळं भागवलं, हे मावशीनं आपणहून धरलं. कायद्यानं ती पूर्ण २० मागू शकली असती. कमी घ्यायला कुणी भाग पाडू शकत नाही, घेतले तर हरकतही नाही, फक्त ते दस्तात स्पष्ट लिहावं लागतं.

पैसे देण्याची पद्धतही वकिलांनी बदलायला लावली. आधीचा बेत होता की ६० लाख मुलीच्या खात्यात यावेत आणि तिनं मग मावशीला द्यावेत. तसं केलं असतं तर सगळ्या विक्रीवरचा भांडवली नफा कागदोपत्री मुलीचाच दिसला असता. म्हणून खरेदीदारानं दोघींच्या नावानं वेगवेगळ्या रकमा दिल्या, आणि दस्तात कुणाला किती, कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेतून हे नमूद केलं.

आणखी एक काम राहिलं होतं. सातबाऱ्यावर मावशीचं नाव नव्हतं, मग ती विक्रेती कशी, हे दस्त वाचणाऱ्याला कळायला हवं. म्हणून खरेदीखताच्या सुरुवातीला सगळा इतिहास लिहिला गेला: १९८६ ची खरेदी, १९९८ आणि २००१ चे वारस, मामाचा नोंदणीकृत दस्त त्याच्या क्रमांकासह, मावशीचा बिननोंदणीचा लेख, आणि २००४ चा फेरफार त्या लेखावर झाल्यामुळे मावशीचा हक्क अबाधित राहिला ही ओळ. २००४ चा फेरफार रद्द करायला प्रांताकडे अपील करायची गरज पडली नाही. तसं अपील ६० दिवसांत करायचं असतं, आणि उशीर माफ करून घेण्यातच वर्ष गेलं असतं.

तुमच्या घरच्या जमिनीत असं काही आहे का, हे बघायला वकील लागत नाही, निदान पहिल्या पायरीला. bhulekh.mahabhumi.gov.in वर सातबारा फुकट दिसतो. त्यात खाली "जुने फेरफार क्र." असा रकाना असतो. ते आकडे उतरवून घ्या आणि एकेक फेरफार काढून वाचा. ज्या फेरफारात "हक्कसोड" किंवा "वर्दीवरून नाव कमी" असे शब्द दिसतील तिथं थांबा आणि दस्त क्रमांक शोधा. क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव असेल तर freesearchigrservice.maharashtra.gov.in वर किंवा थेट त्या कार्यालयात तो दस्त तपासता येतो. "अर्ज", "जबाब", "प्रतिज्ञापत्र", "संमतीपत्र", "नोटरी" असंच काहीतरी असेल आणि दस्त क्रमांक नसेल, तर ज्याचं नाव कमी झालं तो माणूस बहुतेक अजून मालक आहे.

तो माणूस हयात असेल तर काम एका सहीचं असतं. तो गेला असेल तर त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. थळच्या या प्लॉटवर मावशी होती म्हणून दोन सह्यांत भागलं. तिच्यानंतर तिची तीन मुलं आली असती, त्यातला एक दुबईला, आणि त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून इथं आणून मुद्रांकित करावं लागलं असतं.

खरेदीखत अलिबागला नोंदवलं गेलं. महिन्याभरात नवीन फेरफार पडला आणि सातबाऱ्यावर खरेदीदाराचं नाव लागलं. मावशीचं नाव त्या सातबाऱ्यावर २००४ नंतर एकदाही परत आलं नाही. पण आता ते इंडेक्स टूमध्ये आहे, लिहून देणाऱ्यांच्या रकान्यात, भाचीच्या नावाखाली.